प्रगती अहवालातील लाल, पिवळे, हिरवे गोळे काही वाचकांना वेगळे दिसत नसतील तर काय तपासावे

रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या जिल्ह्यांतील जेट्टीदुरुस्ती, नळपाणी योजना आणि धूपप्रतिबंधक बंधारे यांसारख्या कामांचे साप्ताहिक प्रगती अहवाल एकत्र करण्याचे काम मी करते. या अहवालांत प्रत्येक कामासमोर 🔴, 🟡 किंवा 🟢 असा एक गोळा टाकण्याची पद्धत आता सर्वत्र रुळली आहे, आणि तिच्यासोबत एकच बिघाड वेगवेगळ्या कार्यालयांत पुन्हा पुन्हा समोर येतो: अहवाल वेळेवर पोहोचतो, उघडला जातो, पण त्यातील इशारा पोहोचत नाही. तो बिघाड ओळखण्याची आणि दुरुस्त करण्याची रीत येथे दिली आहे. सोप्या, बिनखर्चाच्या तपासण्या आधी घेतल्या आहेत आणि वेळखाऊ नंतर.

लक्षणे

पुढीलपैकी एखादे लक्षण एकदाच दिसले तर त्याचे कारण दुसरे काही असू शकते, पण त्याच वाचकाच्या बाबतीत ते पुन्हा दिसले तर ही पोस्ट त्यासाठीच आहे.

- अहवाल मिळाल्यावर एखादी व्यक्ती दर वेळी फोन करून "नक्की अडले आहे ते काय?" असे विचारते, जरी त्या ओळीत लाल गोळा स्पष्ट दिलेला असतो.
- बैठकीत इतर जण "लाल बाबी घेऊ या" म्हणतात, तेव्हा ही व्यक्ती थांबते आणि दुसरे कोणी ओळ क्रमांक सांगेपर्यंत बोलत नाही.
- शेऱ्याचा रकाना भरलेला असेल तर प्रतिसाद येतो. शेरा कोरा आणि केवळ गोळा असेल तर येत नाही. माझ्या मते हे सर्वांत भरवशाचे लक्षण आहे.
- तोच अहवाल कार्यालयातील मोठ्या पडद्यावर समजतो, पण उन्हात जेट्टीवर उभे राहून फोनवर पाहिला की समजत नाही.
- अहवालाची काळीपांढरी झेरॉक्स वाटली की प्रश्न विचारणाऱ्यांची संख्या अचानक वाढते.

यांपैकी पहिली तीन लक्षणे आळस किंवा दुर्लक्ष म्हणून मोजली जातात, आणि त्यामुळे बिघाड वर्षानुवर्षे तसाच राहतो. रंगांधत्व असलेली व्यक्ती बहुधा स्वतःहून ते सांगत नाही. काहींना आपल्याला ते आहे हेच ठाऊक नसते, आणि ज्यांना ठाऊक असते त्यांना कामाच्या ठिकाणी त्याची चर्चा नको असते.

बिघाड नेमका कुठे आहे

लाल-हिरव्याचे जन्मजात रंगांधत्व एक्स गुणसूत्रावरील जनुकांमुळे येते, म्हणून ते पुरुषांत कितीतरी अधिक आढळते. उत्तर युरोपीय वंशाच्या पुरुषांत त्याचे प्रमाण सुमारे 8 टक्के आणि स्त्रियांत सुमारे 0.5 टक्के आहे. भारतीय पुरुषांत ते त्याहून काहीसे कमी आढळते. बांधकामाच्या साइटवर आणि ठेकेदारांच्या यादीत बहुतेक पुरुषच असतात, त्यामुळे वीस-पंचवीस जणांना जाणाऱ्या अहवालाच्या वाचकांत अशी एखादी व्यक्ती असेल, असे धरून चालणेच योग्य.

अशा व्यक्तीला जग काळेपांढरे दिसते, हा समज चुकीचा आहे. सर्वाधिक आढळणाऱ्या प्रकारात हिरव्या रंगाला प्रतिसाद देणाऱ्या पेशींची संवेदनशीलता सरकलेली असते, आणि हिरवा, पिवळसर, नारिंगी व तपकिरी हे रंग एकमेकांच्या जवळ येतात. दुसऱ्या प्रकारात लाल रंग मंद आणि काळपट दिसतो, त्यामुळे ज्या गोळ्याने सर्वांत आधी डोळ्यांत भरायचे तोच मागे पडतो. दोन्ही प्रकारांत रंग ओळखण्यासाठी वाचक उजळपणाचा आधार घेतो, म्हणजे जो फिकट तो पिवळा आणि जो गडद तो इतर दोहोंपैकी एक, असा अंदाज बांधतो.

गोळ्यांच्या बाबतीत हा आधारही पुरत नाही, आणि ते आकड्यांत दाखवता येते. डब्ल्यूसीएजी या वेबवरील सुगमतेच्या मार्गदर्शक तत्त्वांत दोन रंगांच्या उजळपणाचे गुणोत्तर काढण्याचे सूत्र दिलेले आहे. दोन्ही रंग सारखेच उजळ असतील तर उत्तर 1 येते आणि काळ्या-पांढऱ्यासाठी 21 येते. शुद्ध लाल `#FF0000` आणि नेहमीचा गडद हिरवा `#008000` यांचे गुणोत्तर सुमारे 1.3 येते. पिवळसर नारिंगी `#FFBF00` आणि तोच लाल यांचे मात्र सुमारे 2.4 येते. म्हणजे अर्थाने जी दोन टोके आहेत, "सर्व ठीक" आणि "काम अडले", तीच उजळपणात एकमेकांच्या सर्वांत जवळ आहेत. इमोजीतील नेमक्या छटा प्रत्येक कंपनीच्या फोनवर थोड्या वेगळ्या असतात, त्यामुळे हे आकडे जसेच्या तसे प्रत्येक फोनला लागू होत नाहीत. पण दोष कोणत्या दिशेला आहे ते त्यांतून कळते.

येथे एक शंका नेहमी उपस्थित होते: रंगांधत्व असलेली व्यक्ती रस्त्यावरचा सिग्नल पाळते, मग अहवालातील गोळा तिला का कळू नये? सिग्नलमध्ये लाल वर आणि हिरवा खाली असतो, त्यामुळे कोणता दिवा पेटला आहे हे जागेवरून समजते. अहवालात तिन्ही गोळे एकाच रकान्यात, एकाच जागी, एकाच आकाराचे येतात. अक्षराएवढ्या छोट्या ठिपक्यात रंग ओळखणे मोठ्या पट्ट्यापेक्षा अवघडही असते. आणि एखाद्या संदेशात एकच गोळा असेल तर तुलनेला दुसरा गोळाही शेजारी नसतो.

पहिली तपासणी: गोळा उमटतो आहे का

यासाठी एक फोन कॉल पुरतो. ज्या वाचकाला अडचण आहे त्याला त्या ओळीचे छायाचित्र पाठवायला सांगावे. 🔴 हे चिन्ह युनिकोडमध्ये 2010 मध्ये आले, तर 🟢, 🟡 आणि 🟠 ही चिन्हे 2019 मध्ये आली. अँड्रॉइड 10 च्या आधीच्या फोनवर एक्सेल किंवा ईमेलमध्ये लाल गोळा उमटतो, पण हिरव्याच्या आणि पिवळ्याच्या जागी रिकामी चौकट येऊ शकते. व्हॉट्सअॅप अँड्रॉइडवर इमोजींची स्वतःची चित्रे वापरते, म्हणून तोच मजकूर तेथे नीट दिसतो आणि गोंधळ अधिकच वाढतो.

ही तपासणी आधी घेण्याचे कारण असे, की रिकाम्या चौकटीची तक्रार आणि रंग न कळण्याची तक्रार शब्दांत सारखीच ऐकू येते: "मला तुमचे गोळे दिसत नाहीत." छायाचित्रात रिकामी चौकट दिसली तर दोष फोनचा आहे. छायाचित्रात तुम्हाला गोळे व्यवस्थित रंगीत दिसत असतील तर पुढे जावे.

दुसरी तपासणी: रंग काढून अहवाल वाचणे

स्वतःच्या फोनचा पडदा करडा करून तोच अहवाल उघडावा. अँड्रॉइडच्या बहुतेक फोनवर हा पर्याय `Settings` → `Accessibility` → `Color correction` → `Grayscale` येथे असतो, पण कंपनीनुसार नावे थोडी बदलतात. आयफोनवर तो `Settings` → `Accessibility` → `Display & Text Size` → `Color Filters` येथे आहे. विंडोज 11 मध्ये `Settings` → `Accessibility` → `Color filters` येथे जाऊन `Grayscale` निवडावे.

आता कोणतीही ओळ निवडून तिची स्थिती मोठ्याने सांगून पाहावी. गोळ्याकडे पाहून ती सांगता आली नाही, तर अहवालात अर्थ केवळ रंगावर टेकलेला आहे हे सिद्ध झाले. ही चाचणी प्रत्यक्ष रंगांधत्वापेक्षा कडक आहे, कारण त्यात बहुतेकांना काही रंग दिसतच असतात. पण म्हणूनच ती उपयोगी आहे. करड्या पडद्यावर जो अहवाल वाचता येतो तो झेरॉक्सवर वाचता येतो, उन्हातल्या पडद्यावरही बराचसा कळतो, आणि कोणाला कोणत्या प्रकारचे रंगांधत्व आहे हे विचारण्याची वेळच येत नाही.

येथे एक चूक वारंवार होते. फोन आणि विंडोज यांच्या याच यादीत लाल-हिरव्यासाठीचे इतर पर्यायही असतात, आणि ते निवडून "रंगांधत्व असलेल्याला असे दिसते" असा निष्कर्ष काढला जातो. ते पर्याय रंगांधत्व असलेल्या वाचकाच्या मदतीसाठी रंग सरकवतात. त्याला काय दिसते ते दाखवत नाहीत. ते पाहायचेच असेल तर क्रोम ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समध्ये `Rendering` → `Emulate vision deficiencies` हा पर्याय आहे, आणि त्यात अहवालाचे वेबपान उघडून `Deuteranopia` व `Protanopia` हे दोन प्रकार पाहता येतात.

तिसरी तपासणी: गोळ्याशेजारी शब्द आहे का

सर्वांत स्वस्त दुरुस्ती हीच आहे, आणि बहुतेक ठिकाणी एवढ्यावरच काम भागते. प्रत्येक गोळ्यापुढे स्थितीचा शब्द लिहावा: 🟢 वेळेत, 🟡 लक्ष हवे, 🔴 अडले. मी मुद्दाम असे शब्द निवडते की त्यांची लांबी आणि पहिले अक्षर वेगळे असेल, म्हणजे घाईत खाली नजर फिरवतानाही ते एकमेकांत मिसळत नाहीत. "लाल", "पिवळा", "हिरवा" असे शब्द लिहिले तरी न लिहिण्यापेक्षा बरे, पण मग त्या रंगाचा त्या अहवालात काय अर्थ आहे याची सूची शोधावी लागते, आणि ती सूची बहुधा पहिल्या पानावर राहिलेली असते.

सोबतच्या संदेशाचीही याच वेळी तपासणी करावी. "कृपया लाल नोंदींवर आजच कार्यवाही करावी" हे वाक्य ज्या वाचकाला लाल ओळखता येत नाही त्याच्यासाठी निरुपयोगी आहे. त्याऐवजी "ओळ 4, सिमेंट पुरवठा, अडले आहे, आजच कार्यवाही करावी" असे लिहावे. फोनवर मजकूर वाचून दाखवणारी सोय वापरणाऱ्या अंध वाचकांनाही याचा फायदा होतो. ती सोय गोळ्याचे नाव, म्हणजे "हिरवे वर्तुळ" एवढेच, वाचते आणि अर्थ वाचत नाही.

डब्ल्यूसीएजी या मार्गदर्शक तत्त्वांतील निकष 1.4.1 हेच सांगतो: माहिती पोहोचवण्यासाठी रंग हे एकमेव दृश्य साधन असू नये. तो सर्वांत खालच्या, म्हणजे ए पातळीचा निकष आहे. गोळे काढून टाका असे त्यात कोठेही म्हटलेले नाही, आणि ज्या वाचकांना रंग नीट दिसतात त्यांची सोय काढून घेण्याचे कारणही नाही.

चौथी तपासणी: पिवळा की नारिंगी

युनिकोडमध्ये सिग्नलच्या मधल्या दिव्याच्या रंगाचा असा स्वतंत्र गोळा नाही. त्यामुळे कोणी 🟡 टाकतो, कोणी 🟠 टाकतो, आणि तीन ठेकेदारांचे अहवाल एकत्र केले की दोन्ही एकाच रकान्यात येतात. मग रंग नीट दिसणारा वाचकही विचारतो की नारिंगी म्हणजे पिवळ्याहून गंभीर का.

कोकणात हा प्रश्न अधिक टोकदार आहे. भारतीय हवामान विभागाचे इशारे हिरवा, पिवळा, नारिंगी आणि लाल अशा चार पायऱ्यांचे असतात, आणि मे महिन्याच्या अखेरीपासून किनाऱ्यावरील प्रत्येकाच्या फोनवर यलो अलर्ट, ऑरेंज अलर्ट हे शब्द रोज येतात. कामाच्या अहवालात हवामानाचीही ओळ असेल, तर तिच्यातील 🟠 चा अर्थ एक आणि खालच्या ओळीतील 🟠 चा अर्थ दुसरा, असे होते. हवामानाची पायरी नेहमी शब्दात लिहावी आणि कामाच्या स्थितीत नारिंगी गोळा वापरणे बंद करावे, असे माझे स्पष्ट मत आहे. रंगांधत्वाच्या दृष्टीनेही 🟠 हाच अधिक त्रासदायक आहे: 🟡 निदान फिकटपणावरून वेगळा काढता येतो, तर नारिंगी आणि हिरवा अनेकांना एकाच मातकट छटेचे दिसतात.

एक उदाहरण

मासळी उतरवण्याच्या एका जेट्टीच्या दुरुस्तीचा एप्रिलमधील अहवाल पाहू. ठेकेदार आणि गाव यांची नावे येथे देण्याचे कारण नाही. अहवालात पुढील ओळी होत्या आणि शेऱ्याचा रकाना फक्त एका ओळीत भरलेला होता.

1. खांबांभोवतीचे काँक्रीटचे आवरण: 🟢
2. डेक स्लॅबची दुरुस्ती: 🟢
3. फेंडर बसवणे: 🟠
4. सिमेंट व खडीचा पुरवठा: 🔴 (ट्रक घाटात अडकले)

बार्ज ठरवण्याची जबाबदारी ज्यांच्याकडे होती त्या पर्यवेक्षकांनी चौथ्या ओळीवर त्याच दिवशी हालचाल केली, कारण तेथे शेरा होता. तिसऱ्या ओळीवर त्यांनी काहीच केले नाही. आठवड्याने विचारल्यावर ते म्हणाले, "ताई, पहिल्या तिन्ही ओळी सारख्याच होत्या ना? मी समजलो, चालू आहे सगळे."

फेंडर म्हणजे होडीचा धक्का झेलणारे आधार; ते समुद्राच्या बाजूने बसवायचे असल्यामुळे त्यासाठी बार्ज लागतो, आणि मेअखेर समुद्र खवळू लागला की बार्ज मिळत नाही. शिवाय पश्चिम किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै मासेमारीबंदी असते. होड्या तेव्हा किनाऱ्यावर ओढलेल्या असल्याने जेट्टी मोकळी असते, पण समुद्रातून करायची कामे तेव्हा करता येत नाहीत. म्हणजे एप्रिलमधील एका आठवड्याचा विलंब हा प्रत्यक्षात पावसाळ्यानंतरचा विलंब ठरू शकतो. ओळ 3 अशी लिहिली असती तर एवढे पुरले असते: "⚠️ लक्ष हवे: बार्ज अद्याप ठरलेला नाही, 10 मेपर्यंत हवा."

पाचवी तपासणी: आकार वेगळे आहेत का

शब्द लिहिल्यावरही एक अडचण उरते. पन्नास ओळींच्या अहवालात नजर टाकताच अडलेली कामे दिसावीत, हा गोळ्यांचा मूळ उपयोग रंगांधत्व असलेल्या वाचकाला अजून मिळालेला नसतो. त्यासाठी आकार बदलावे लागतात.

खाडीच्या तोंडाशी जलमार्ग दाखवणारे बोये ज्यांनी पाहिले आहेत त्यांना हे लगेच पटेल. भारतात लागू असलेल्या पद्धतीनुसार समुद्रातून आत येताना डाव्या हाताचा बोया लाल आणि डब्याच्या आकाराचा असतो, तर उजव्या हाताचा हिरवा आणि शंकूच्या आकाराचा असतो. तांडेलाला रंग दिसला नाही तरी बाह्याकृती दिसते.

अहवालासाठी मी 🟢, ⚠️ आणि 🟥 हे त्रिकूट वापरते: वर्तुळ, त्रिकोण, चौकोन. करड्या पडद्यावर आणि झेरॉक्सवर तिन्ही वेगळे राहतात, आणि जुन्या सवयीचे रंगही टिकतात. इतर काही चिन्हे सुचवली जातात, पण त्यांत अडचणी आहेत. ✅ आपल्याकडच्या व्हॉट्सअॅप गटांत "काम पूर्ण झाले" या अर्थाने रुळले आहे. "काम वेळेत चालू आहे" यासाठी ते वापरले की कोणीतरी बिल मागायला येतो. ❌ चा अर्थ "रद्द" असा घेतला जातो. 🛑 आणि ⛔ अक्षराएवढ्या आकारात पुन्हा गोल दिसू लागतात, म्हणजे मूळ बिघाड परत येतो.

आकार आल्यावरही शब्द काढू नयेत. नवीन माणसाला त्रिकोणाचा अर्थ कोणी सांगितलेला नसतो.

सहावी तपासणी: गोळे येतात कुठून

वरील सर्व केल्यावर दोन-तीन आठवड्यांनी गोळे परत आले, तर दुरुस्ती चुकीच्या जागी झाली आहे. बहुतेक ठिकाणी दर शुक्रवारी कोणीतरी मागच्या आठवड्याची फाइल उघडून तिची प्रत काढते, आणि ती प्रत ठेकेदाराकडच्या जुन्या नमुन्यावरून आलेली असते. म्हणून नमुनाच बदलावा, आणि जुन्या प्रती सामायिक फोल्डरमधून हलवाव्यात.

एक्सेलमध्ये स्थितीचा रकाना हाताने भरण्याऐवजी सूत्राने भरला तर शब्द आणि आकार दोन्ही आपोआप येतात. पुढील उदाहरणात `D` रकान्यात उशिराचे दिवस आहेत आणि `E` रकान्यात काम थांबले असेल तर "हो" लिहिलेले आहे. सात दिवसांची मर्यादा आपल्या कामानुसार बदलावी.

```
=IF(E2="हो","🟥 अडले",IF(D2>7,"⚠️ लक्ष हवे","🟢 वेळेत"))
```

ठेकेदार जुन्याच पद्धतीने गोळे पाठवत असतील आणि ते `C` रकान्यात येत असतील, तर शेजारच्या रकान्यात पुढील सूत्र ठेवावे. ते चारही गोळे ओळखते आणि पिवळा व नारिंगी यांना एकच अर्थ देते. `UNICHAR` हे फंक्शन एक्सेल 2013 पासून उपलब्ध आहे.

```
=SUBSTITUTE(SUBSTITUTE(SUBSTITUTE(SUBSTITUTE(C2,
UNICHAR(128308),"🟥 अडले"),
UNICHAR(128992),"⚠️ लक्ष हवे"),
UNICHAR(128993),"⚠️ लक्ष हवे"),
UNICHAR(128994),"🟢 वेळेत")
```

या रकान्याचा आणखी एक फायदा असा, की फिल्टर लावताना रंग निवडावा लागत नाही. "अडले" हा शब्द निवडला की काम होते.

इमोजीऐवजी एक्सेलची स्वतःची चिन्हे वापरायची असतील तर `Conditional Formatting` → `Icon Sets` येथे `3 Signs` हा संच निवडावा. त्यात हिरवे वर्तुळ, पिवळा त्रिकोण आणि लाल समभुज चौकोन आहे. `3 Traffic Lights` हा संच नेमका टाळायचा आहे, कारण त्याच्या साध्या प्रकारात तिन्ही चिन्हे वर्तुळेच आहेत. संच निवडल्यावर `Edit Rule` मध्ये जाऊन, रकान्यात उशिराचे दिवस असतील तर `Reverse Icon Order` दाबावे, कारण एरवी मोठ्या आकड्याला हिरवे वर्तुळ मिळते. मग `Type` हे `Percent` वरून `Number` वर आणून आपल्या मर्यादा भराव्यात. नाहीतर एक्सेल चिन्हे त्या रकान्यातील लहानमोठ्या आकड्यांच्या तुलनेने ठरवते, आणि सर्वच कामे उशिरा असतील तरी त्यांतल्या काहींसमोर हिरवे वर्तुळ येते. ही चिन्हे मजकुराचा भाग नसल्यामुळे व्हॉट्सअॅपवर चिकटवताना सोबत जात नाहीत. ज्यांचे वाचक फोनवरच आहेत त्यांनी वरचे सूत्रच वापरावे.

येथे थांबावे आणि जाणकाराला बोलवावे

अहवाल एखाद्या डॅशबोर्डवरून तयार होऊन येत असेल आणि त्यातील चिन्हे बदलण्याचा पर्याय आपल्या लॉगिनमध्ये नसेल, तर हाताने फाइल बदलत बसू नये. दर आठवड्याला मूळ आणि बदललेली अशा दोन आवृत्त्या फिरू लागतात, आणि वाद झाला तर कोणती खरी हे ठरवता येत नाही. ती प्रणाली सांभाळणाऱ्या पुरवठादाराला निकष 1.4.1 चा उल्लेख करून लेखी मागणी द्यावी, आणि सोबत करड्या पडद्याचे छायाचित्र जोडावे. अहवालाचा नमुना निविदेत ठरवून दिलेला असेल, तर चिन्हांच्या बदलासाठी आधी कामाच्या मालकाची लेखी संमती घ्यावी. शेऱ्याच्या रकान्यात शब्द लिहायला मात्र सहसा कोणाची हरकत नसते, म्हणून संमती येईपर्यंत तेवढे सुरू ठेवावे.

कोणाला रंगांधत्व आहे हे शोधण्याचे काम अहवाल लिहिणाऱ्याचे नाही. इशिहारा यांच्या ठिपक्यांच्या पाट्या इंटरनेटवर सहज मिळतात, पण पडद्याच्या छटा आणि प्रकाश यांमुळे त्यांचे निकाल भरवशाचे नसतात, आणि सहकाऱ्याची अशी परीक्षा घेणे अनुचितही आहे. ज्या कामात रंग ओळखण्यावर सुरक्षितता अवलंबून असते, जसे बोटीचे दिवे पाहणे किंवा विजेच्या तारा जोडणे, तेथे वैद्यकीय तपासणीचा निर्णय नियोक्त्याने अधिकृत डॉक्टरांमार्फत घ्यावा.

एका परिस्थितीत मात्र अहवालाची दुरुस्ती बाजूला ठेवून त्या व्यक्तीला लगेच नेत्रतज्ज्ञांकडे जायला सांगावे. जन्मजात रंगांधत्व आयुष्यभर सारखेच राहते आणि दोन्ही डोळ्यांत असते. आतापर्यंत ज्यांना गोळे नीट ओळखता येत होते त्यांना अलीकडे ते सारखे दिसू लागले असतील, किंवा एका डोळ्याने रंग फिका दिसत असेल, तर तो डोळ्याच्या पडद्याचा किंवा नेत्रतंतूचा आजार असू शकतो. क्षयरोगावरील एथाम्ब्युटॉल या औषधाने काही रुग्णांत नेत्रतंतूला इजा होते, आणि लाल-हिरव्यातील फरक कमी होणे हे तिचे एक लवकर दिसणारे लक्षण आहे. अशा रुग्णाने औषध स्वतःहून बंद करू नये, पण ज्या डॉक्टरांनी ते सुरू केले त्यांना त्याच दिवशी कळवावे, पुढच्या तपासणीच्या तारखेची वाट पाहू नये.